शेअर टप्प्याटप्प्याने घेतले, पण सरासरी कोणती?

पडत्या बाजारात सगळे पैसे एकदम न गुंतवता शेअर टप्प्याटप्प्याने घेण्याला 'ॲव्हरेज करणे' म्हणतात. हल्ली हे काम अनेक जण संगणक प्रोग्रामवर सोपवतात. भाव ठरावीक पातळीला आला की प्रोग्राम पुढची ऑर्डर टाकतो आणि सरासरी खरेदी भावावरून विक्रीचा भाव ठरवतो. ही सरासरी चुकली, तर पुढचे सगळेच निर्णय चुकतात.

समजा, एक शेअर ५०० रुपयांना १०० नग घेतला, ४७० ला २०० आणि ४४० ला ३०० नगांची ऑर्डर टाकली. शेवटच्या भावाला विकणारे कमी होते, त्यामुळे १२० नगच मिळाले आणि भाव वर गेला. हाती ४२० नग आले, खर्च १,९६,८०० रुपये झाला, म्हणजे सरासरी ४६८.५७.

घाईने लिहिलेला प्रोग्राम मात्र ऑर्डर टाकल्याबरोबर पूर्ण ६०० नग हिशेबात धरतो आणि सरासरी ४६० काढतो. त्यावर दोन टक्के नफा म्हणून तो ४६९.२० ला विकायला निघतो. प्रत्यक्षात नगामागे ६३ पैसे सुटतात. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी लागतो, म्हणजे इथे नगामागे सुमारे ९४ पैसे. पडद्यावर नफा आणि खात्यात तोटा!

म्हणून हिशेब ऑर्डरवर नव्हे, झालेल्या सौद्यांवर करायचा. त्यातही एक मेख आहे. अनेक ब्रोकरांच्या संदेशात 'आतापर्यंत किती भरले' हा आकडा असतो: आधी ५०, मग १२०. दोन्ही बेरजेत घेतले की १७० होतात. आधीचा आकडा वजा करून फक्त नवे ७० मोजायला हवेत. ही चूक पकडणे सोपे आहे. प्रोग्राममधली नगसंख्या ब्रोकरच्या खात्याशी रोज ताडून पाहायची.

विक्रीचा नियम वेगळा. ४८० ला २०० नग विकले, तर नग आणि एकूण खर्च त्याच प्रमाणात कमी होतात, उरलेल्या २२० नगांची सरासरी ४६८.५७ च राहते. विक्रीचे सगळे पैसे खर्चातून वजा केले, तर ती खोटीच उतरून ४५८ वर येते.

ब्रोकरच्या पडद्यावर मात्र कदाचित ४५३.६४ दिसेल, आणि तेही बरोबर असेल. डीमॅट खात्यातील शेअरच्या करासाठी जो शेअर आधी आला, तोच आधी विकला असे धरतात आणि काही ब्रोकर हीच पद्धत दाखवतात. त्यामुळे सरासरीने पाहिले तर या विक्रीत सुमारे २,२८६ रुपये नफा होतो, करखात्याच्या हिशेबाने १,००० रुपये तोटा.