एकस्थूणा पाया, सागरी पवन टरबाइनाचा

उथळ समुद्रात पवन टरबाइनाचा मनोरा पेलण्यासाठी समुद्रतळात उभी ठोकलेली मोठ्या व्यासाची एकच पोलादी नळी म्हणजे एकस्थूणा पाया होय. इंग्रजीत त्यास मोनोपाइल म्हणतात. इमारतीच्या स्थूणेवर मुख्यतः वजनाचा भार असतो. येथे मात्र वारा व लाटा यांचा आडवा रेटा निर्णायक ठरतो. वाऱ्याचा रेटा बऱ्याच उंचीवर लागत असल्याने समुद्रतळाशी मोठे परिबल निर्माण होते व ते अखेर सभोवतालच्या मृदेला पेलावे लागते.

या प्रतिकाराचे गणित करण्याची रूढ पद्धत खनिज तेलाच्या सागरी मंचांकडून आली. तीत मृदेच्या जागी स्थूणेलगत स्प्रिंगांची ओळ आहे असे मानतात आणि प्रत्येक स्प्रिंगेचा रेटा व विचलन यांचा संबंध वक्राने दर्शवितात. वाळूसाठीचे असे वक्र टेक्ससमधील मस्टँग बेटावरील चाचण्यांच्या आधारे 1974 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील स्थूणा 0.61 मी. व्यासाच्या व सु. 21 मी. खोल होत्या. डेन्मार्कजवळील हॉर्न्स रेव्ह येथे 2002 मध्ये उभारलेल्या टरबाइनांच्या स्थूणाही वाळूत सु. 22 मी. खोल आहेत, पण त्यांचा व्यास 4 मी. आहे. म्हणजे खोली व व्यास यांचे गुणोत्तर 34 वरून सु. 5.5 वर आले.

या फरकाने स्थूणेचे वर्तनच बदलते. सडपातळ स्थूणा वरच्या भागात वाकते व तिचे खालचे टोक जवळजवळ स्थिर राहते. जाड व आखूड स्थूणा फारशी न वाकता जमिनीतील एका बिंदूभोवती फिरते आणि तिचे खालचे टोक उलट दिशेस सरकते. फिरताना तिची पुढची बाजू खाली दबते, तर मागची वर उचलली जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंवरील घर्षणातून विरोधी परिबल निर्माण होते. तळाशीही कर्तन व परिबल यांचा प्रतिकार लाभतो. सडपातळ स्थूणेत नगण्य असणारे हे घटक जुन्या वक्रांत नव्हते. 2014–15 मध्ये डंकर्क येथील घट्ट वाळूत व इंग्लंडमधील काउडन येथील चिकणमातीत 2 मी. व्यासापर्यंतच्या स्थूणांवर ‘पिसा’ प्रकल्पाच्या चाचण्या झाल्या. त्यांवरून बनविलेल्या पद्धतीत हे घटक समाविष्ट केले गेले.

मृदेची दृढता चुकीची धरल्यास मनोऱ्याची नैसर्गिक कंप्रता चुकते. मिनिटाला 12 फेरे घेणाऱ्या टरबाइनाची कंप्रता 0.2 हर्ट्झ असते. तीन पाती मनोऱ्यासमोरून जात असल्याने 0.6 हर्ट्झचे धक्केही बसतात. अनुस्पंदन टाळण्यासाठी मनोऱ्याची कंप्रता सामान्यतः या दोहोंच्या दरम्यान, दोन्हींपासून पुरेशी दूर ठेवतात. उभारलेल्या अनेक टरबाइनांची मोजलेली कंप्रता जुन्या पद्धतीच्या अंदाजापेक्षा अधिक आढळली. मृदा गृहीत धरल्यापेक्षा दृढ असल्याचे व काही पोलाद अनावश्यक वापरले गेल्याचे हे लक्षण होते.

लाटांच्या लक्षावधी आवर्तनांचा परिणाम मात्र वेगळा तपासावा लागतो. वाळूत प्रत्येक आवर्तनागणिक थोडा कल शिल्लक राहतो व साचत जातो. चिकणमातीतून पाणी लवकर निसटत नसल्याने वादळात छिद्रजलदाब वाढून ती मऊ पडू शकते. कठीण चिकणमातीत स्थूणेमागे फटही पडते. एकूण कल सामान्यतः 0.5° पर्यंत मान्य करतात. त्यांपैकी 0.25° ठोकतानाच्या चुकीसाठी राखून ठेवल्यास वापरकाळासाठी 0.25° उरतो. 90 मी. उंचीवर याचा अर्थ सु. 39 सेंमी. सरकणे एवढा होतो.