बारा वाजून पाच मिनिटांची फेरी

समजा, राज्यभर चारशे दुकानं असलेली एक साखळी आहे. दर तासाला, तास उलटून पाच मिनिटं झाली की कंपनीच्या सर्व्हरवर एक जॉब सुरू होतो. गेल्या तासाची विक्री तो दुकानांकडून गोळा करतो, सकाळपासूनच्या बेरजेत मिळवतो आणि गोदामाला कळवतो की कुठे किती माल पाठवायचा. अकरा पाचच्या फेरीकडे दहा ते अकराची विक्री असते. एरवी ती वीस मिनिटांत संपते. आज मात्र नेटवर्क मंद आहे आणि बारा पाच वाजले तरी ती चालूच आहे. पुढच्या फेरीने आता काय करायचं?

क्रॉन हा युनिक्समधला जुना वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम यावर विचारच करत नाही. ठरलेली वेळ झाली की तो जॉब सुरू करतो, आधीचा संपला आहे की नाही हे पाहत नाही. मग दोन फेऱ्या एकाच बेरजेवर एकाच वेळी लिहू लागतात. हे टाळायला बहुतेक ठिकाणी एका ओळीचं कुलूप लावलेलं असतं:

```
flock -n /tmp/vikri.lock ./vikri.sh
```

आधीच्या फेरीने कुलूप धरलेलं असेल, तर नवी फेरी न थांबता तिथूनच परत फिरते. म्हणजेच ती वगळली जाते. कुबरनेटीसमध्ये `concurrencyPolicy: Forbid` लिहिलं की साधारण हाच परिणाम मिळतो. इथवर पोचल्यावर बरेच जण काम झालं असं मानतात, आणि खरी गफलत इथेच होते.

कुलूप एवढंच सांगतं की आधीची फेरी चालू आहे की नाही. तिने आणलेली माहिती पूर्ण आहे का, हा प्रश्न निराळा आहे. अकरा पाचची फेरी दोनशे साठ दुकानं उरकून अकरा चाळीसला कोसळली असं धरा. प्रक्रिया मेली, की कुलूप आपोआप सुटतं. बारा पाचला दार उघडं असतं. नवी फेरी निर्धास्त आत शिरते आणि एकशे चाळीस दुकानांची विक्री नसलेल्या बेरजेवर पुढची बेरीज चढवते. पडद्यावर लाल काही दिसत नाही. संध्याकाळी गोदामातून माल कमी निघतो, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं.

म्हणून पूर्णत्वाची खूण वेगळी ठेवावी लागते, आणि ती सगळ्यात शेवटी उमटली पाहिजे. हाडूपमध्ये काम यशस्वी संपल्यावर आउटपुटच्या फोल्डरमध्ये `_SUCCESS` नावाची रिकामी फाइल तयार होते. ती नसेल, तर बाकीच्या फाइली कितीही भरलेल्या दिसल्या तरी पुढच्या कामाने त्यांना हात लावू नये, असा रिवाज आहे. डेटाबेस असेल, तर बेरीज आणि ‘अकरापर्यंत पूर्ण’ ही नोंद एकाच व्यवहारात लिहायची, म्हणजे दोन्ही टिकतील किंवा दोन्ही पुसली जातील.

पण पूर्ण म्हणजे तरी काय? एखाद्या दुकानाची फाइल आली नाही, तर ते दुकान आज बंद होतं की त्याचं इंटरनेट गेलं होतं? नुसत्या अनुपस्थितीवरून हे कळूच शकत नाही. त्यावर उपाय असा की विक्री शून्य असली तरी दुकानाने शून्याची फाइल पाठवायची आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी नोंदींची संख्या व एकूण रक्कम द्यायची. मग जॉबला आलेला माल पावतीशी ताडून पाहता येतो. ही शिस्त पाठवणाऱ्याच्या टोकाला नसेल, तर फेरी वगळायची की नाही हा निर्णय दुसऱ्या टोकाला अंदाजानेच घ्यावा लागतो.

आता वगळण्याच्या किमतीकडे येऊ. बारा पाचची फेरी वगळली आणि एक पाचची सुरू झाली. जॉब ‘गेल्या एका तासाची विक्री आण’ असा लिहिलेला असेल, तर तो बारा ते एकची विक्री आणेल. अकरा ते बाराचा तास कायमचा हरवला. तोच जॉब ‘शेवटच्या पूर्ण नोंदीपासून आत्तापर्यंतची विक्री आण’ असा लिहिलेला असेल, आणि मधल्या वेळेत अकरापर्यंतचं काम पुरं झालं असेल, तर तो अकरा ते एक असे दोन्ही तास उचलेल. वगळण्याची किंमत तेव्हा फक्त थोडा उशीर, एवढीच राहते. अकरापर्यंतचं काम अर्धवटच मेलं असेल, तर हा जॉब आधी त्या अर्धवट ओळी पुसतो आणि दहापासून पुन्हा सुरुवात करतो. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच फरक. फेरी वगळायची मुभा देण्याआधी जॉब आपल्या कामाची हद्द घड्याळावरून ठरवतो की मागच्या पूर्ण कामावरून, हे पाहायला हवं. घड्याळावरून ठरवत असेल, तर प्रत्येक वगळलेली फेरी हिशेबात भोक पाडते.

वगळणं हा संथपणावरचा इलाज मात्र नाही. तासाभराची माहिती पचवायला रोजच सत्तर मिनिटं लागत असतील, तर दोन तासांच्या माहितीला एकशे चाळीस लागतील आणि जॉब कधीच वेळेवर येणार नाही.

काही कामांत वगळण्याचा पर्यायच नसतो. जून 2012 मध्ये ब्रिटनच्या आरबीएस समूहात रात्रीच्या कामांचं वेळापत्रक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात बिघाड झाला. बँकेत आजची शिल्लक कालच्या शिल्लकेवर उभी असते. कालची रात्र अपुरी राहिली, तर ती सोडून आजची चालवता येत नाही. त्यामुळे कामं एकामागे एक तुंबत गेली. नॅटवेस्ट आणि आरबीएसच्या ग्राहकांना त्रास झालाच, पण अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल जुलैपर्यंत लांबले. ब्रिटनमधल्या 65 लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला आणि 2014 मध्ये नियामकांनी समूहाला एकूण 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला.

हवामानाचा अंदाज दुसऱ्या टोकाला आहे. अमेरिकेचं जीएफएस हे प्रारूप दिवसातून चार वेळा चालतं. जगभरातली निरीक्षणं सगळी येईपर्यंत ते थांबू शकत नाही, कारण उशिरा आलेला अंदाज निरुपयोगी असतो. तीन तासांच्या आत जेवढं हाती येतं, तेवढ्यावर अंदाज निघतो. उशिरा आलेली निरीक्षणं घेऊन नंतर आणखी एक फेरी होते, आणि पुढच्या चक्राची सुरुवात त्या भरलेल्या फेरीवरून केली जाते. घाईची फेरी लोकांसाठी, भरलेली पुढच्या हिशेबासाठी, अशी ही विभागणी आहे. दुकानांच्या साखळीलाही ती घेता येईल: गोदामाला तात्पुरता आकडा ‘388 दुकानांवरून’ असा शिक्का मारून द्यायचा आणि बेरजेची वही मात्र चारशे आल्यावरच पुढे सरकवायची.

मग एकच दुकान दिवसभर आलं नाही तर? सगळी साखळी त्याच्यासाठी अडून बसू नये, म्हणून मर्यादा आधीच ठरवून ठेवावी लागते: लागोपाठ किती फेऱ्या वगळायच्या आणि त्यानंतर कोणाला उठवायचं. इथे एअरफ्लोच्या `depends_on_past` या सोयीतला एक खाचखळगा माहीत असलेला बरा. मागचं काम यशस्वी झालेलं असेल तर ती पुढच्याला परवानगी देते, पण मागचं ‘वगळलेलं’ असेल तरीही देते. तेव्हा अपुऱ्या माहितीमुळे एक फेरी वगळली, की पुढची मोकळी सुटते. त्यामुळे प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा शेरा न वाचता ‘कुठपर्यंत पूर्ण’ ही नोंद स्वतः पाहायला हवी. धोक्याची घंटाही त्याच नोंदीला बांधलेली बरी. फेऱ्या हिरव्या असोत की वगळलेल्या, ती वेळ तीन तासांहून मागे पडली की ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजला पाहिजे, आणि न आलेल्या दुकानांची नावं त्या संदेशातच असली पाहिजेत.