ताटाशेजारचा फोन: लक्ष विचलित, कंटाळा की सवय?

जेवताना कोणी फोन उचलला की घरात एकच तक्रार होते, "तुझं लक्षच नाही." पण हात फोनकडे जाण्याची कारणं वेगवेगळी असतात. ती न ओळखता रागावलं, तर उपाय चुकतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीनशेहून अधिक लोक मित्र किंवा कुटुंबीयांसोबत एका कॅफेत जेवायला बसले. काहींचे फोन टेबलावर राहिले, तर काहींचे बाजूला ठेवले गेले. फोन समोर असलेल्यांचं लक्ष अधिक विचलित झालं आणि जेवणाचा आनंद थोडा कमी झाला. शिवाय त्यांना कंटाळाही किंचित जास्तच आला. म्हणजे फोन कंटाळा घालवतोच असं नाही.

आपण सहसा दोष देतो तो 'टिंग' वाजण्याला. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या 2021 मधील अभ्यासात 37 जणांच्या दिवसभराच्या हालचाली छोट्या कॅमेऱ्यांनी टिपल्या, तेव्हा फोन हाती घेण्याचे सुमारे 89 टक्के प्रसंग माणसाने स्वतःहून सुरू केलेले निघाले. अभ्यास लहान असला तरी निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे.

मग घरी हे ओळखायचं कसं? समजा, रात्रीच्या जेवणात मुलाने तीनदा फोन घेतला. पहिल्यांदा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज वाजला आणि बोलता बोलता त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. हे लक्ष विचलित होणं. दुसऱ्यांदा बाबा आणि काका जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल बोलू लागले. त्यात त्याला शिरकाव नव्हता, म्हणून तो रील्स पाहत बसला. हा कंटाळा. तिसऱ्यांदा, दुसरी भाकरी येईपर्यंत त्याने स्क्रीन उजळवली आणि लगेच विझवली. "काय पाहिलंस?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ही सवय.

पहिल्यासाठी जेवणापुरते नोटिफिकेशन बंद करावेत. घरी कोणी आजारी असेल, तर त्या एका नंबरची रिंग चालू ठेवावी. दुसऱ्यासाठी फोन हिसकावून काही होत नाही, बोलण्याचा विषय त्याच्यापर्यंत न्यावा लागतो. "तुला काय वाटतं?" इतकं विचारलं तरी पुरतं. सवय मात्र उपदेशाने जात नाही, कारण ती विचार करून केलेली कृती नसते. फोन नजरेआड, दुसऱ्या खोलीत ठेवला, तर हात थांबतो. उठून जावं लागलं की माणूस आपण काय करतोय याचा विचार करतो.

आज जेवताना कोणी फोन उचलला, तर लगेच टोकू नका. त्याआधीच्या क्षणी काय घडलं, तेवढं पाहा. आणि ते पाहताना स्वतःचा हातही सोडू नका.