तिसरी चढाई

गुण मिळवण्यासाठी एकटा खेळाडू मध्यरेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरतो, ती चढाई. रेषा ओलांडण्याआधीच त्याने ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणायला सुरुवात केलेली असावी लागते आणि परत येईपर्यंत तो दम तुटता कामा नये. मुदत 30 सेकंदांची. समोरच्या सातांपैकी जितक्यांना हात-पाय लावून तो सुखरूप परततो, तितके बाद आणि तितके गुण. तो पकडीत अडकला तर तोच बाद होतो आणि गुण बचाव करणाऱ्यांना जातो.

पुरुषांच्या मैदानावर मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. कोणालाही न शिवता परतायचे असेल तर ती एकदा ओलांडावीच लागते, नाहीतर चढाईपटू बाद. तिच्यामागे एका मीटरवर बोनस रेषा. समोर किमान सहा जण उभे असताना एक पाय या रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवला, की एक गुण पदरात पडतो. स्पर्शाच्या किंवा पकडीच्या गुणासोबत आपला एक बाद खेळाडू मैदानात परततो. बोनसने तो परतत नाही. समोरचा अख्खा संघ बाद झाला तर लोण, म्हणजे आणखी दोन गुण.

निदान रेषा ओलांडून नुसतेच परत येणे म्हणजे रिकामी चढाई. आघाडीवरचा संघ वेळ काढण्यासाठी असे मुद्दाम करतो. प्रो कबड्डीमुळे घरोघरी माहीत झालेला ‘डू ऑर डाय’ नियम नेमका याच सवयीवर बसवलेला आहे. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्यांना एक गुण. नवख्या प्रेक्षकाची गफलत इथेच होते. मोजणी खेळाडूची नसून संघाची असते. आधीच्या दोन चढाया दुसऱ्यांनी केल्या असल्या, तरी तिसऱ्याचे ओझे त्या वेळी जाणाऱ्यावरच पडते.

समजा, निळा संघ दोन गुणांनी पुढे आहे, त्याच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत आणि समोर पिवळ्यांचे पाच जण आहेत. पाचांसमोर बोनस नाही, म्हणजे स्पर्शावाचून सुटका नाही. हे पिवळेही जाणून असतात. ते पुढे येतच नाहीत. मागे सरकून, हात धरून उभे राहतात. वीस-बावीस सेकंद नुसती हुलकावणी चालते. मग चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे पाय फेकतो, पायाचा अंगठा कोपरारक्षकाच्या पोटरीला लागतो आणि त्याच क्षणी घोटा धरला जातो. आणखी दोघे कमरेवर झेपावतात. आता नजर ठेवायची ती त्याच्या बोटांवर. दम टिकवून ती मध्यरेषेला लागली तर धरणारे तिघेही बाद, निळ्यांना तीन गुण. वीतभर कमी पडली तर पिवळ्यांना एक गुण मिळतो, त्यांचा सहावा खेळाडू मैदानात येतो आणि निळ्यांची आघाडी एकाच गुणावर उरते.