‘माहीत नाही’ हे उत्तर लिहायचं का?

मागे आम्ही गटांतल्या महिलांची कर्ज आणि बचतीची पाहणी केली. फॉर्म ऐंशी प्रश्नांचा होता. सुरुवातीला ताया पासबुक काढून, आठवून आठवून सांगत होत्या. तासाभराने चुलीवरचं दूध उतू जायला लागलं, लेकरू रडायला लागलं, आणि उत्तरं बदलली. ‘लिहा हो, बरोबरच असेल’, नाहीतर सरळ ‘माहीत नाही’.

हा बायकांचा दोष नव्हता. सगळी माणसं असं करतात. नेमकं उत्तर शोधायला डोकं शिणतं, म्हणून चालून जाईल असं पहिलं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. जॉन क्रॉस्निक या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ साली याची कारणं मांडली: प्रश्न अवघड असणं, उत्तर देण्याची सवय कमी असणं आणि मन उडणं. फॉर्म लांबला की मन उडतंच.

मग ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवायचा की काढायचा? दोन्हीकडून बघू.

अमेरिकेत सिनसिनाटी भागातल्या लोकांना एकदा अस्तित्वातच नसलेल्या कायद्याबद्दल मत विचारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी मत दिलं! ‘याबद्दल मत नाही’ असं म्हणायची उघड मुभा दिल्यावर ही संख्या खूप घटली. म्हणजे जिथे माणसाला खरोखर ठाऊक नसतं, तिथे हा पर्याय खोटी उत्तरं थांबवतो. ‘तुमच्या बँक खात्याला विमा जोडलेला आहे का?’ हा आमचा प्रश्न तसाच. तिथलं ‘माहीत नाही’ हीच खरी माहिती.

पण ‘अडीनडीला पैसे कुणाकडून आणता?’ हे प्रत्येक ताईला ठाऊक असतं, फक्त आठवावं लागतं. तिथे ‘माहीत नाही’ वाचून दाखवलं, तर दमलेलं माणूस तीच पळवाट धरतं. क्रॉस्निक आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हेच दाखवलं: मत नसल्याचा पर्याय कमी शिकलेले लोक जास्त निवडतात, आणि फॉर्मच्या शेवटाकडे तो अधिक निवडला जातो. तो दिल्यामुळे उरलेली मतं काही अधिक भरवशाची होत नाहीत. उलट, ज्यांचा आवाज आधीच कमी ऐकू येतो, त्यांचंच मत गळून जातं.

आता आम्ही निम्म्या फॉर्ममध्ये प्रश्नांचे भाग उलट क्रमाने लावतो. तोच प्रश्न आधी विचारल्यावर कमी आणि शेवटी विचारल्यावर जास्त ‘माहीत नाही’ आले, तर ते अज्ञान नसून थकवा आहे. असे प्रश्न आम्ही पुढे घेतले, फॉर्म दोन भेटींत वाटला. माहितीच्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ वाचून दाखवतो. अनुभवाच्या प्रश्नाला दाखवत नाही. ताई स्वतःहून म्हणाली, तर जरा थांबून एकदाच विचारतो, ‘मागच्या वेळी काय केलं होतं?’ तरीही नाहीच म्हणाली, तर तेच लिहितो. तिच्या तोंडी उत्तर घालत नाही.