खोली तीनशे फुटांची, खुर्च्या किती?

वाशीम शहरात, तसेच रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या तालुक्यांच्या गावी भाड्याच्या एखाद्या खोलीत टेबलखुर्च्या मांडून अभ्यासिका चालवली जाते. तिथे पोलीस भरती, तलाठी भरती किंवा एमपीएससीची तयारी करणारी, बहुतेक शेतकरी घरांतली मुलं-मुली महिन्याची फी भरून बसतात. फी किती, वायफाय आहे का, इन्व्हर्टर आहे का, एवढं विचारून जागा ठरते. माझ्या मते पहिला प्रश्न खुर्च्यांच्या संख्येचा असायला हवा, कारण अभ्यासिकेचं बरं-वाईट बहुतांशी तिथेच ठरतं.

समजा, वीस बाय पंधरा फुटांची, म्हणजे तीनशे चौरस फुटांची खोली आहे. एका मुलाला अडीच बाय दोन फुटांचं टेबल आणि खुर्ची मागे सरकवायला आणखी अडीच फूट लागतात. म्हणजे माणशी सव्वाअकरा चौरस फूट. चोवीस खुर्च्या मांडल्या तर दोनशे सत्तर चौरस फूट त्यातच जातात आणि उरलेल्या तीसमध्ये दार, वाट, चपला, पाण्याचा माठ सगळं मावायला हवं. मग कोपऱ्यातला एक जण उठला की ओळीतल्या चौघांना खुर्ची पुढे ओढावी लागते. ‘शांतता राखा’ अशी पाटी भिंतीवर असली तरी खुर्च्यांचं खरखरणं थांबत नाही, कारण तो दोष मुलांच्या वागण्याचा नाही, मांडणीचा आहे. सोळाच खुर्च्या ठेवल्या तर एकशे वीस चौरस फूट मोकळे राहतात आणि दारापर्यंत सरळ वाट मिळते. दिल्लीतल्या ओल्ड राजेंद्र नगरात 27 जुलै 2024 रोजी तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तळघर नसलं तरी बाहेर पडण्याची वाट अडलेली नसणं, ही कुठल्याही अभ्यासिकेची पहिली अट आहे.

दुसरी गोष्ट हवेची. शांत बसलेला माणूस तासाला साधारण अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा फूट उंचीच्या या खोलीत सुमारे पंच्याऐंशी हजार लिटर हवा मावते. दारं-खिडक्या घट्ट लावून चोवीस जण बसले तर तासाभरात त्या वायूचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापटीपलीकडे जाऊ शकतं. दुपारी तीनच्या सुमाराला ओळीने माना टेबलावर टेकतात, त्याचं खापर जेवणावर फोडलं जातं, पण कोंदट हवेचाही त्यात वाटा असतो. पारख सोपी आहे: बाहेरून आत पाऊल टाकताच कोंदट वास आला, तर हवा बदलत नाही असं समजावं. इथे एसीपेक्षा खिडकीतला कूलर सरस ठरतो. साधा एसी आतलीच हवा फिरवतो, तर कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर उन्हाळ्यातही खोली दमट होते आणि कागद मऊ पडतात.

यावरचा आक्षेप खरा आहे: खुर्च्या कमी केल्या तर फी वाढणार, आणि ती सोयाबीनच्या पैशांवर शिकणाऱ्या घराला जड जाणार. तेव्हा हिशेब मांडून पाहू. चोवीस जणांकडून पाचशे रुपये घेतले तर महिन्याला बारा हजार येतात. सोळा खुर्च्यांत तेवढेच आणायचे तर प्रत्येकी साडेसातशे पडतात. पण सगळ्यांना खुर्ची दिवसभर लागत नाही. भरतीची मुलं सकाळी मैदानावर असतात. दूरच्या गावाहून एसटीने येणाऱ्या मुलींना संध्याकाळच्या आत परतावं लागतं. म्हणून दहा खुर्च्या दिवसभरासाठी सातशे रुपयांत राखीव ठेवाव्यात आणि उरलेल्या सहा दोन पाळ्यांत प्रत्येकी चारशेला द्याव्यात. सात हजार अधिक चार हजार आठशे, म्हणजे अकरा हजार आठशे. बावीस जणांची सोय होते, पण एका वेळी आत सोळाच असतात. दिवसभर बसणाऱ्याला दोनशे जास्त द्यावे लागतात, हे खरंच. पण त्याला स्वतःच्या नावाची खुर्ची आणि मोकळी हवा मिळते, आणि पाळीवाल्याचे शंभर वाचतात.

पाळ्यांत भांडणं होतात, असं चालक म्हणतात, आणि तेही खोटं नाही. पहिल्या पाळीचा उठत नाही, वह्या टेबलावर ठेवून चहाला जातो आणि दुसरा उभा राहतो. यावर पाळी संपताना टेबल पूर्ण रिकामं करण्याचा नियम आणि पुस्तकांसाठी भिंतीला कुलपाचे कप्पे पुरतात. दोन पाळ्यांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं की खोली झाडूनही होते.

अवघड महिना सोयाबीनच्या काढणीचा. तेव्हा मुलं गावी जातात, फी थांबते, खोलीचं भाडं मात्र थांबत नाही. हा खड्डा आधीच भरून काढायला म्हणून चालक बाकीचे महिने जास्तीच्या खुर्च्या कोंबतो. त्यापेक्षा त्या महिन्यात अर्धी फी घेऊन जागा राखून ठेवावी, आणि प्रवेश घेतानाच तसं लिहून द्यावं. शेतातून परतलेल्या मुलाला त्याची तीच खुर्ची मिळते आणि चालकाला जास्तीची ओळ लावण्याचं कारण उरत नाही.