थांबलेली पट्टी आणि खरा वेग

टेबलावर एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर पुठ्ठ्याची काळी चकती आणि चकतीच्या कडेला पांढऱ्या कागदाची एकच पट्टी. मोटर सुरू झाली की पट्टी हरवते, उरतं ते करडं वलय. मग खोलीत अंधार करून स्ट्रोबोस्कोप लावतात. तो सेकंदाला 10 वेळा लुकलुकू लागला की वलयातून पट्टी पुन्हा प्रकटते, तीही जागच्या जागी स्थिर. मुलं लगेच वहीत लिहितात : सेकंदाला 10 फेरे.

इथंच फसगत होते. पट्टी स्थिर दिसली याचा अर्थ एवढाच, की दोन लुकलुकींच्या मधे चकतीने पूर्ण फेरे घेतले. ते एक की दोन, हे कळत नाही.

म्हणून वारंवारता आधी बरीच वाढवायची आणि हळूहळू खाली आणायची. या चकतीवर 40 ला समोरासमोर दोन पट्ट्या दिसतात, कारण दर लुकलुकीला अर्धाच फेरा झालेला असतो. 30 ला तीन दिसतात. 20 वर आलं की पहिल्यांदाच एकटी पट्टी थबकते. खरा वेग तोच : सेकंदाला 20 फेरे. एका फेऱ्यात 2π रेडियन, म्हणून कोनीय वेग 20 × 2π, सुमारे 125.7 रेडियन प्रतिसेकंद. वारंवारता जराशी कमी, म्हणजे 19.8 केली तर पट्टी चकतीच्याच दिशेने सावकाश सरकते आणि 5 सेकंदांत एक चक्कर पुरी करते.

पट्टी एकच हवी, हेही ओघाने आलं. सारख्या अंतरावर चार पट्ट्या चिकटवल्या, तर चकती पाव फेरा फिरली तरी चित्र जसंच्या तसं दिसेल.

स्ट्रोबोस्कोप नसेल तर मोबाइल चालतो. साध्या चित्रीकरणात सेकंदाला 30 चौकटी मिळतात. तेवढ्यात ही चकती 240 अंश पुढे जाते आणि डोळ्यांना मात्र 120 अंश मागे गेल्यासारखी वाटते. स्लो मोशनमध्ये 240 चौकटी मिळाल्या, तर दर चौकटीत पट्टी 30 अंश सरकते आणि 12 चौकटींत फेरा पुरा होतो. चौकटी एकेक पुढे सरकवत मोजायच्या. 10 फेऱ्यांच्या 120 चौकटी मोजल्या, तर एखाद्या चौकटीची चूक फारशी बाधत नाही.

चित्रफितीवरच्या घड्याळावर मात्र भरवसा ठेवू नये. 240 चौकटींचं चित्रण 30 च्या गतीने दाखवलं जात असेल, तर वेळ आठपट लांबते आणि उत्तर सेकंदाला अडीच फेरे येतं! पट्टी फरकटलेली दिसली तर उजेड वाढवावा, म्हणजे कॅमेऱ्याला प्रत्येक चौकट कमी वेळात टिपता येते.

लुकलुकत्या उजेडाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो, हे प्रयोगाआधीच विचारून घ्यायला हवं. आणि स्थिर दिसणाऱ्या चकतीला कुणी बोट लावायला जाऊ नये; ती तेव्हाही मिनिटाला 1200 फेरे घेत असते.